सेट पेपर एक: छोटी ऑनलाइन बॅच आणि नोट्स, काय द्यायचं आणि फी किती?

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी. जून 2025 च्या सेटमध्ये इतिहास विषयात उत्तीर्ण आहे, सध्या कोल्हापुरातच एका महाविद्यालयात सीएचबीवर शिकवतो. पुढच्या परीक्षेसाठी पेपर एकची ऑनलाइन बॅच आणि सोबत नोट्स द्यायचा विचार आहे. विद्यार्थी बहुतेक शिवाजी विद्यापीठातून एम.ए. झालेले, मराठी माध्यमाचे, गारगोटी, चंदगड, सांगलीकडचे. फी परवडणारी ठेवायची आहे.

नुसती पीडीएफ विकावी की शिकवावं? फी किती धरावी? पीडीएफ फुटू नये म्हणून काय करता येतं? आणि सीएचबीवर असताना हे चालतं का? ज्यांनी केलंय त्यांनी तपशिलात सांगावं.

पेनटॅब

पेपर एक निवडलात ते बरं केलंत. इतिहासाचा पेपर दोन घेतला असता तर आपल्या भागातून फार विद्यार्थी मिळाले नसते. पेपर एक सगळ्या विषयांना सारखाच असतो. शिवाय दोन्ही पेपरचे मिळून 300 गुण धरतात. किमान टक्केवारी खुल्या गटाला 40 आणि आरक्षित गटांना 35, पण तेवढ्यावर सेट होत नाही. परीक्षेला बसलेल्यांतले वरचे सहा टक्केच घेतात, आणि तेही विषय आणि प्रवर्ग पाहून. पेपर दोनमध्ये सगळे जवळपास बरोबरीत असतील तेव्हा पेपर एकच्या 100 गुणांत फरक पडतो. विद्यार्थ्याला हे समजावून सांगितलं की तो फी द्यायला तयार होतो.

आता काय विकायचं. दहा घटक, प्रत्येकी पाच प्रश्न, एकूण पन्नास. बहुतेक जण प्रत्येक घटकावर सारखी पानं लिहितात आणि तीनशे पानांची पीडीएफ करतात. ती कुणी वाचून संपवत नाही. संप्रेषण, पर्यावरण, उच्च शिक्षण हे भाग विद्यार्थी स्वतः वाचू शकतो. अडतो तो तर्कात, गणिती क्षमतेत, माहितीच्या विश्लेषणात आणि संशोधनात. सोळा तासिका धरल्या तर तर्काला तीन, संशोधनाला तीन, गणिती क्षमता आणि माहिती विश्लेषण यांना दोन-दोन, उरलेल्या सहा घटकांना एकेक. बरोबर सोळा होतात.

नोट्समध्ये विकण्यासारखी एकच गोष्ट असते: चुकीचा पर्याय बरोबर का वाटतो याचं स्पष्टीकरण. एक नमुना देतो. प्रश्न असा: ‘सर्व शिक्षक पदवीधर आहेत’ हे विधान असत्य असेल, तर पुढीलपैकी कोणतं विधान निश्चित सत्य? बरेच जण ‘एकही शिक्षक पदवीधर नाही’ निवडतात, कारण कानाला ते उलट वाटतं. पण दहा शिक्षकांतला एकच पदवीधर नसला तरी पहिलं विधान असत्य ठरतं, आणि तेव्हा ‘एकही नाही’ हेही असत्यच असतं. निश्चित सत्य एवढंच की ‘काही शिक्षक पदवीधर नाहीत’. ‘काही शिक्षक पदवीधर आहेत’ याबद्दल काहीच ठरवता येत नाही, कारण एकही पदवीधर नसण्याची शक्यता उरतेच. स्क्वेअर ऑफ अपोझिशनची आकृती कुठल्याही गाइडात मिळते. हे दहा शिक्षकांचं उदाहरण तिथं नसतं, आणि विद्यार्थी पैसे त्याचे देतो.

गडहिंग्लजची_लेक

विद्यार्थी म्हणून सांगते. तीन ठिकाणच्या नोट्स विकत घेतल्या, तिन्हींत तेच परिच्छेद, टायपिंगच्या चुकासुद्धा त्याच. एका संचात तर ‘साठ प्रश्नांपैकी पन्नास सोडवा’ असं छापलेलं होतं. ते कधीचं जुनं आहे.

दुसरं, मराठी संज्ञा. प्रश्नपत्रिका मराठी-इंग्रजी दोन्हींत असते, पण मराठी शब्द प्रत्येक वेळी आपल्या ओळखीचा असेलच असं नाही. नोट्समध्ये संज्ञा नुसती मराठीत दिली तर परीक्षेत अडायला होतं. प्रत्येक पानाखाली दोन्ही भाषांतल्या संज्ञा शेजारी शेजारी द्या, फार उपयोग होईल.

तिसरं, ए-फोर पानावर बारीक अक्षरं नको. आम्ही सगळं मोबाइलवर वाचतो. बोटांनी मोठं करून डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं.

पेनटॅब

ताईंचे तिन्ही मुद्दे सोन्यासारखे आहेत. साठातले पन्नास ही जुनी पद्धत. यूजीसीने पेपर एकचा सुधारित अभ्यासक्रम जून 2019 पासून आणला, दहा घटकांची रचना तिथली. त्याआधीच्या नोट्सवरून उतरवलेलं काहीही विकू नका.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात केलेली पीडीएफ दिसायला ठीक असते, पण मोबाइलवर शब्द शोधायला गेलं की काहीच सापडत नाही. आणि त्यातला मजकूर उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर नुसती अक्षरांची खिचडी येते. पान ए-फाइव्ह, अक्षर चौदा पॉइंट, समास कमी. एवढं केलं तरी शेजारच्या माणसापेक्षा तुमच्या नोट्स चांगल्या वाटतील.

नाद_खुळा_मिरजकर

भावा, एवढा विचार कशाला? पीडीएफला पासवर्ड लाव, 199 ला टेलिग्रामवर विक, महिन्यात पाचशे जातील. आणि फोडायला येणारच नाही, पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा.

एक लक्षात ठेव मात्र. सेट गोव्यालाही असते. गोव्यातल्या पोराला विकलं म्हणजे दुसऱ्या राज्यात विक्री झाली, आणि मग पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागते. म्हणून फक्त महाराष्ट्रातच विक.

पेनटॅब

मिरजकर, गोव्याबद्दल तुम्ही म्हणता तो नियम आहे, पण तो मालाचा. शिकवणी आणि डाउनलोड करायची पीडीएफ या सेवेत मोडतात. सेवा परराज्यात दिली तरी वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, ही सवलत 2017 पासून आहे. त्यामुळं पणजीच्या विद्यार्थ्याला बिनधास्त घ्या. वीस लाख ओलांडले तर मात्र शिकवणीवर अठरा टक्के लागतो. आयकराचं वेगळं आहे. रक्कम लहान असली तरी ती विवरणपत्रात धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवा, आणि त्यासाठी फी वेगळ्या बचत खात्यावर घ्या म्हणजे मार्चनंतर शोधाशोध होत नाही.

पासवर्डचं मात्र पटत नाही. ज्याच्याकडं पासवर्ड आहे तो फाइल उघडतो, ‘प्रिंट’मध्ये जाऊन पुन्हा पीडीएफ म्हणून साठवतो, आणि नव्या फाइलला पासवर्ड नसतो. प्रिंट बंद केली तर पासवर्ड काढणारी साधनं फुकट मिळतात. गुगल ड्राइव्हवर फक्त बघायची परवानगी देऊन डाउनलोड बंद करता येतं, पण मग दाजीपूर-राधानगरीकडं रेंज नसताना पैसे भरलेल्या विद्यार्थ्याला वाचता येत नाही, आणि चोरणारा स्क्रीनशॉट काढून मोकळा होतो.

मी उलट करायला सांगेन. डाउनलोड करू द्या, पण प्रत्येक पानावर त्या विद्यार्थ्याचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे फिकट राखाडी रंगात आडवे छापा. तीस विद्यार्थ्यांना हाताने करायची गरज नाही. लिब्रेऑफिस रायटरमध्ये ए-फाइव्हच्या रिकाम्या पानावर नाव तिरकं टाकून मेल मर्ज करा, म्हणजे प्रत्येकाची एक पानी पीडीएफ तयार होते. त्या सगळ्या `stamps` नावाच्या फोल्डरात ठेवा, `out` नावाचं रिकामं फोल्डर करा, आणि पीडीएफटीके हे साधन लिनक्सवर असं चालवा:

```
for f in stamps/*.pdf; do
  pdftk notes.pdf stamp "$f" output "out/$(basename "$f")"
done
```

शिक्क्याच्या पानाला पांढरी पार्श्वभूमी देऊ नका, नाहीतर खालचा सगळा मजकूर झाकला जातो. पहिली फाइल उघडून बघा, मगच बाकीच्या पाठवा.

नाव छापल्यावर फाइल फुटायची पूर्ण थांबत नाही, कमी होते. कारण माणूस पुढं पाठवताना थबकतो. तरीही एखाद्या टेलिग्राम चॅनेलवर दिसलीच, तर त्या संदेशाची लिंक आणि तुमची मूळ फाइल जोडून `dmca@telegram.org` वर लिहा.

जिप_शिक्षक

मी टीईटी उत्तीर्ण आहे, जिल्हा परिषद शाळेत नोकरीला. सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सेवेतले कितीतरी शिक्षक टीईटीच्या मागं लागलेत. आमच्या तालुक्यातच मागणी आहे. सरांनी सांगितलेली पद्धत टीईटीला लावून मी बॅच काढली तर चालेल ना? फी आपली नाममात्र.

रंकाळा_वेस

गुरुजी, थांबा. तुमची गोष्ट वेगळी आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 मधल्या कलम 28 नुसार शाळेच्या शिक्षकाला खाजगी शिकवणी करता येत नाही. शिकणारे मोठे शिक्षक आहेत, शाळकरी मुलं नाहीत, असा युक्तिवाद कुणी करील, पण नागरी सेवा वर्तणूक नियम 1979 आहेतच, आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांनाही तसेच नियम आहेत. परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. बायकोच्या नावावर बॅच काढायचा सल्ला बरेच जण देतात. घरच्यांचा धंदा असेल तर तोही कार्यालयाला कळवावा लागतो, आणि शिकवणारा आवाज तुमचाच असतो. केंद्रातल्या सहकाऱ्यांना फुकट शिकवा, त्याला अडचण नाही.

कळंबा_रोड, सीएचबीचं: तुम्ही तासिकेवर आहात, त्यामुळं नियुक्तिपत्रातल्या अटी आधी वाचा. काही संस्था ‘अन्यत्र अध्यापन करणार नाही’ असं लिहून घेतात. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीतल्या आचारसंहितेत, कामात अडथळा येईल अशा खाजगी शिकवण्या आणि क्लासेसपासून शिक्षकानं दूर राहावं असं म्हटलंय. रात्री साडेआठची बॅच तुमच्या तासांच्या आड येत नाही, पण प्राचार्यांना एक अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा. आणि आपल्याच महाविद्यालयातल्या, आपल्याच वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून फी घेऊ नका. गुण देणारा आणि फी घेणारा एकच असला की बोट दाखवायला जागा राहते. पुढं कायम नेमणूक झाली तर ही बॅच बंद करायची तयारी ठेवा.

जिप_शिक्षक

म्हणजे नुसत्या नोट्स विकल्या तरी नाही?

रंकाळा_वेस

पुस्तक लिहून मानधन घेणं आणि महिन्याच्या महिन्याला पीडीएफ विकणं यांत फरक केला जातो, पण रेघ कुठं ओढतात ते कार्यालयावर आहे. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. माझ्या शब्दावर पाऊल टाकू नका.

कळंबा_रोड

खूप आभार. नियुक्तिपत्र काढून बघतो. आता फीचं कुणीतरी सांगा. मला 500 वाटत होते, मित्र म्हणतो 2500 घे.

पेनटॅब

तासांवरून काढू या, म्हणजे अंदाजपंचे राहणार नाही. आठ आठवडे, आठवड्याला दोन तासिका आणि रविवारी पंचवीस प्रश्नांची एक चाचणी. बॅच तीस जणांची, फी 900. जमा 27,000.

तुमचा वेळ: सोळा तासिका, म्हणजे सोळा तास. प्रत्येकीची तयारी पहिल्या वेळी दोन तास घेतेच, ते बत्तीस. आठ चाचण्यांचे दोनशे प्रश्न, स्पष्टीकरणासह एका प्रश्नाला पंधरा मिनिटं धरा, ते पन्नास तास. शंका सोडवायला आठवड्याला दोन, ते सोळा. एकूण 114. लिहायच्या पेन टॅब्लेटचे तीन हजार वजा केले तर उरले 24,000, म्हणजे तासाला सुमारे 210 रुपये. यूपीआयवर थेट घेतलं तर पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के वाचतात.

हे आकडे बघून नाउमेद होऊ नका. दुसऱ्या बॅचला तासिकेची तयारी अर्ध्या तासावर येते, म्हणजे आठ तास. जुने प्रश्न हातात असतात, नवे चाळीस घातले की झालं, दहा तास. शिकवणं आणि शंका मिळून बत्तीस. एकूण पन्नास. त्याच फीत तासाला 540. म्हणून पहिल्या बॅचमध्ये फी वाढवण्यापेक्षा प्रश्नसंच नीट करा, दुसरीची कमाई त्याच्यावर आहे.

500 घेतले तर तीस जणांत पंधरा हजार होतात, आणि चौथ्या आठवड्यात तुम्हीच चाचण्या टाळायला लागाल. 2500 ला विद्यार्थी मोठ्या संस्थांच्या रेकॉर्डेड कोर्सशी तुलना करतो. तिथं तुमचा टिकाव लागणार नाही.

तीसच का, तर शंका. तीसजणांच्या शंका दोन तासांत बसतात, सत्तरच्या बसत नाहीत. दुसरं कारण तांत्रिक आहे. रेकॉर्डिंग यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलं तर लिंक ज्याच्याकडं जाईल तो बघतो. ‘प्रायव्हेट’ ठेवलं तर ईमेल देऊन जास्तीत जास्त पन्नास जणांनाच बोलावता येतं. तीस त्यात आरामात बसतात. फुकटच्या गुगल मीटवर गटाची बैठक साठ मिनिटांची असते आणि रेकॉर्डिंग मिळत नाही. त्यामुळं पंचावन्न मिनिटांत तासिका संपवा, रेकॉर्डिंगसाठी संगणकावर ओबीएस चालू ठेवा, 720 च्या वर जाऊ नका. पहिल्या तासिकेआधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका. ओबीएसमध्ये माइक निवडायचा राहिला तर चित्र येतं आणि आवाज येत नाही, आणि ते तासिका संपल्यावरच कळतं.

सागरमाळ_नोट्स

पेनटॅब यांच्या बहुतेक गोष्टी मान्य, पण बॅचच घ्यावी असं मला वाटत नाही. सीएचबीवाल्याचा वेळ हाच सगळ्यात महाग. मी फक्त चाचण्या विकायला सांगेन. दहा घटकांच्या दहा आणि पूर्ण पन्नास प्रश्नांच्या पाच, स्पष्टीकरणासह, 300 रुपये. आठवड्याला दोन संध्याकाळी ठरावीक वेळी बसायचं बंधन नाही, तासिका चुकली म्हणून कुणाची तक्रार नाही. गुगल फॉर्मच्या प्रश्नमंजुषेत गुण आपोआप येतात आणि प्रत्येक प्रश्नाखाली स्पष्टीकरण टाकायची सोय आहे.

एक पथ्य मात्र पाळा. जुन्या सेटचे प्रश्न जसेच्या तसे उचलून ‘आमची चाचणी’ म्हणून विकू नका. ते सेट विभागाच्या `setexam.unipune.ac.in` वर उत्तरसूचीसह मोफत आहेत. विद्यार्थ्याला तिकडची लिंक द्या, आणि त्याच धर्तीचा आपला प्रश्न करा. आकडे बदलले, शिक्षकांच्या जागी खेळाडू घातले एवढ्यानं नवा प्रश्न होत नाही. प्रश्नात फसवणूक कुठं आहे ती ओळखून दुसऱ्या प्रसंगात आणली तर होतो.

गडहिंग्लजची_लेक

चाचण्यांनी मला चूक कुठं होते ते कळतं, पण माहिती विश्लेषणाची आकडेमोड कुणी समोर करून दाखवल्याशिवाय जमत नाही. पेपर एकला पन्नास प्रश्न आणि एकच तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. टक्केवारी पेनानं मांडून काढायची की अंदाजानं पर्याय गाळायचे, हे बघून शिकण्यासारखं आहे. मी तरी बॅचलाच पैसे दिले असते.

सागरमाळ_नोट्स

मग तेवढ्या सात तासिका घ्याव्यात, तर्क, गणित आणि माहिती विश्लेषणाच्या, बाकी चाचण्या. सोळा नकोत असंच माझं म्हणणं आहे.

पेनटॅब

सात घेतल्या तर संशोधन सुटतं, आणि मराठी माध्यमाची मुलं तिथंही गुण घालवतात. नमुना निवडीचे प्रकार पाठ असतात, पण एखाद्या सर्वेक्षणाचं वर्णन देऊन प्रकार ओळखायला सांगितला की गडबड होते. स्तरित आणि गुच्छ पद्धत हमखास उलटी लिहितात. प्रत्येक तालुक्यातून थोडी थोडी गावं उचलली की स्तरित. चारच तालुके चिठ्ठीनं काढले आणि त्यातली सगळी गावं घेतली की गुच्छ. दोन वाक्यांचं आहे, पण पाच-सहा वर्णनं एकत्र बसून सोडवल्याशिवाय डोक्यात राहत नाही. सातचं मला पटत नाही, पण तुमचा वेळेचा मुद्दा खरा आहे.

कळंबा_रोड

दहा तासिका आणि आठ चाचण्या अशा मधल्या वाटेचा विचार करतोय. संशोधन, तर्क पूर्ण, गणित आणि माहिती विश्लेषण पूर्ण, तीन, तीन, दोन, दोन. बाकी सहा घटकांच्या नुसत्या नोट्स. फी 700?

दोन शंका. जाहिरातीत काय लिहू? आणि कुणी मधेच सोडलं तर पैसे परत द्यावे का?

रंकाळा_वेस

जाहिरातीत स्वतःबद्दल खरं आणि नेमकं लिहा: ‘जून 2025 सेट, इतिहास, उत्तीर्ण.’ प्रमाणपत्राचा फोटो टाकणार असाल तर क्रमांक झाका. ‘हमखास सेट’, ‘शंभर टक्के निकाल’ यातलं काही नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत कोचिंग सेंटर म्हणजे पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांचं. तुम्ही त्यात बसत नसलात तरी खोट्या जाहिरातीला ग्राहक कायदा लागतोच. त्यातलं एक पथ्य तुम्हीही पाळा. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती निकाल लागल्यावर घ्या. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये आधीच सही घेऊन ठेवायची नाही.

पैसे परतीचा नियम फी घ्यायच्या आधी लिहून द्या. पहिली तासिका होईपर्यंत पूर्ण परत, त्यानंतर राहिलेल्या तासिकांच्या हिशोबानं. 700 ला दहा तासिका, तिसरीनंतर सोडलं तर 490 परत. नोट्स दर आठवड्याला त्या आठवड्यापुरत्याच द्या. सगळी पीडीएफ पहिल्या दिवशी दिली तर ती घेऊन पैसे परत मागणारा भेटतोच. आणि आठवड्याच्या हप्त्यात दिलेल्या नोट्समध्ये चूक निघाली तर पुढच्या हप्त्यासोबत दुरुस्ती देता येते.

नाद_खुळा_मिरजकर

जीएसटीचं नवीन कळलं, आभार. पण पाचशे जणांना 199 ला विकलं तर जवळपास लाख होतात, ते का नको कुणी सांगितलंच नाही.

पेनटॅब

विकले गेले तर लाखच, हिशोब बरोबर आहे. पण 199 ला घेणाऱ्याला शंका विचारायची सोय नसते, त्यामुळं त्याचा तुमच्याशी संबंध फाइल मिळाली की संपतो. पुढच्या वर्षी तो आपल्या धाकट्या बहिणीला तुमच्याकडं पाठवत नाही, तीच फाइल देतो. आणि पाचशे गिऱ्हाईक आणायला जाहिरातीवर खर्च करावा लागतो, तो तुमच्या हिशोबात दिसत नाही. तुमच्याकडं आधीपासून मोठं चॅनेल असेल तर गोष्ट वेगळी. आहे का?

नाद_खुळा_मिरजकर

चार हजार सदस्यांचं आहे, पण पोलीस भरतीचं.

सागरमाळ_नोट्स

त्यात एम.ए. झालेले किती असतील ते बघायचं असेल तर आधी दहा प्रश्नांची मोफत सेट चाचणी टाकून बघा. किती जण शेवटपर्यंत सोडवतात यावरून अंदाज येईल.

कळंबा_रोड

प्राचार्यांना अर्ज सोमवारी देतोय. तर्काच्या पहिल्या वीस प्रश्नांचा कच्चा संच झाला की इथंच टाकतो. गडहिंग्लजच्या ताई, संज्ञांची दोन्ही भाषांतली यादी तुम्ही तपासून द्याल का? त्याबदल्यात बॅचची फी नको.

गडहिंग्लजची_लेक

देते. यादी युनिकोडमध्ये पाठवा तेवढं.